संसारी माणसाने अपरिग्रह पाळायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

प्रश्न: माझं वय ३४, नोकरी चांगली आहे, डोक्यावर कर्ज नाही. पण रात्री झोपण्याआधी मोबाइलवर काहीतरी मागवलं जातंच. वर्षातून दोनदा कपाट रिकामं करून कपडे देऊन टाकते, चार महिन्यांत ते पुन्हा भरतं. अपरिग्रह, संतोष हे शब्द लहानपणापासून ऐकतेय, पण ते संन्याशांसाठी असावेत असं वाटतं. संसारी बाईने नेमकं काय करायचं? आणि जे परवडतं ते घेतलं तर तो लोभ कसा?

उत्तर: कपाट रिकामं करणं आणि अपरिग्रह यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रहाची व्याख्या दोन शब्दांची आहे: ‘मूर्च्छा परिग्रहः’. मूर्च्छा म्हणजे वस्तूपाशी गेलेली शुद्ध, ‘हे माझं’ अशी घट्ट मिठी. वस्तू किती आहेत हे या व्याख्येत येतच नाही. त्यामुळे तुम्ही चाळीस कपडे देऊन टाकले आणि त्या रिकाम्या कप्प्याकडे बघून नव्याची ओढ लागली, तर या व्याख्येनुसार परिग्रह कमी झालेला नाही. त्याला नवी जागा मिळाली, एवढंच.

मग ज्यांना घर, मुलं, नोकरी सांभाळायची आहे त्यांनी मूर्च्छा मोजायची कशी? ती तर दिसत नाही. या अडचणीवर आपल्याकडे जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थ अनुयायांच्या आचारनियमांत, जेवढा बारीक विचार झाला आहे तेवढा मला दुसरीकडे कुठे सापडला नाही. मी बावीस वर्षं एका अभ्यासवर्गात यम-नियम आणि श्रावकांची व्रतं शिकवते आहे, त्यातली काही स्वतः पाळते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यातल्या एकाच व्रताच्या आधारे देते: परिग्रह-परिमाण व्रत. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचं दुसरं नाव आलं आहे, इच्छा-परिमाण, आणि मला तेच जास्त नेमकं वाटतं. साधूने सगळं सोडायचं. गृहस्थाने मात्र आपल्या इच्छेची हद्द स्वतः आखायची आणि हद्दीपलीकडच्या वस्तूंविषयी निःस्पृह व्हायचं. हद्द आकड्यात आखायची, कारण आकड्याशी वाद घालता येत नाही.

हे व्रत घेणाऱ्यांत सगळ्यात प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे महावीरांच्या काळातला वाणिज्यग्रामचा आनंद श्रावक. त्याची गोष्ट उपासकदशांग या आगमात आहे. चार कोटी मुद्रा तिजोरीत, चार कोटी व्याजाने दिलेल्या, चार कोटी घरादाराच्या पसाऱ्यात गुंतलेल्या. दहा-दहा हजार गुरांचे चार कळप, पाचशे नांगर, शेकडो गाड्या. हा माणूस व्रत घेतो तेव्हा काय करतो? यातलं काहीही वाटून टाकत नाही. जे आहे तेवढीच माझी हद्द, याहून अधिक नको, असं म्हणतो.

वर्गात ही गोष्ट सांगितली की दरवेळी कुणीतरी नाराज होतं. बारा कोटींचा धनी म्हणतो ‘मला एवढं पुरे’, यात कसला त्याग? ती नाराजी रास्त आहे. हे व्रत विषमतेचा प्रश्न सोडवत नाही, आणि सोडवतं असं मी म्हणणार नाही. पण ते वाढ थांबवतं. आज ज्याच्याकडे बारा आहेत त्याला उद्या तेरा हवेत, ही साखळी तिथे तुटते, आणि आपल्या रात्रीच्या खरेदीचा प्रश्नही वाढीचाच आहे. म्हणून मी कुणालाही ‘निम्मं करा’ असं सांगून सुरुवात करत नाही. सुरुवात आनंद श्रावकासारखी करा: आज आहे तेवढं मोजा आणि तिथेच रेघ ओढा.

आनंद श्रावकाने त्यानंतर आणखी एक व्रत घेतलं, आणि तुमच्या दृष्टीने ते अधिक कामाचं आहे. त्याला उपभोग-परिभोग परिमाण म्हणतात, म्हणजे रोजच्या वापरातल्या गोष्टींची मर्यादा. अंग पुसायला एकाच प्रकारचं वस्त्र. दात घासायला एकच काडी, ओल्या ज्येष्ठमधाची. फळांत एकच प्रकारचा आवळा. अंगाला लावायला दोनच ठरावीक तेलं, आंघोळीला पाण्याचे आठ घडे, नेसायला सुती वस्त्रांची एक जोडी. इथे तो मुख्यतः प्रकार ठरवतो आहे. एकदा पंच्याचा प्रकार ठरला की बाजारात दुसरे पंचे कितीही असोत, त्यांच्याकडे बघायचं कारणच उरत नाही. मोबाइलवरच्या खरेदीत वेळ आणि मन खाणारी गोष्ट म्हणजे निवड, आणि आनंद श्रावकाने नेमकी तीच कापून टाकली आहे.

आता तुमचा ‘परवडतं ते’ हा मुद्दा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात संतोषाची व्याख्या आहे: हाताशी असलेल्या साधनांहून अधिक घेण्याची इच्छा नसणं. मोजमाप हाताशी असलेल्या साधनांचं आहे, खिशातल्या पैशाचं नाही. पगार वाढला म्हणजे कामाला लागणाऱ्या चपलांचे जोड वाढत नाहीत. त्याच भाष्यात अपरिग्रह म्हणजे विषयांतले पाच दोष पाहून ते न स्वीकारणं, असं सांगितलं आहे: मिळवण्याचा, राखण्याचा, नाश होण्याचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. परवडणं यातल्या फक्त पहिल्या दोषाशी संबंधित आहे, आणि तोही अर्धाच. एका भारी साडीचे पैसे तुम्ही सहज देऊ शकता. पण तिची घडी बदलत ठेवायची, कसर लागू द्यायची नाही, डाग पडला की जीव खाली-वर, आणि ती ज्या हातांनी, ज्या पाण्याने, ज्या रंगाने झाली त्यांचं काय झालं हा शेवटचा हिशेब तर बिलात नसतोच. लोभ हा शब्द मी तुमच्यासाठी वापरणार नाही. पण ‘परवडतं’ हे पाचांतल्या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, एवढं लक्षात ठेवा.

व्रत घेणं सोपं आहे. घेतल्यानंतर मन ज्या पळवाटा काढतं त्या ओळखणं हे खरं काम, आणि या परंपरेची खरी कमाई मला तिथेच वाटते. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या व्रताला बगल देण्याच्या पाच रीती नोंदवल्या: बंधन, भाव, गर्भ, योजन, दान. त्यांच्यासमोर व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याचं मन शब्द पाळून अर्थ कसा मोडतं हे त्यांनी जवळून पाहिलं असणार.

बंधन म्हणजे व्रताची मुदत संपेपर्यंत माल दुसऱ्याच्या घरी बांधून ठेवणं. धान्य माझंच, पण माझ्या कोठारात नाही, म्हणून मोजायचं नाही. आज याचं रूप म्हणजे कार्टमध्ये टाकून ठेवलेल्या वस्तू, दुकानात ‘ही साडी माझ्यासाठी बाजूला ठेवा’ म्हणून दिलेला बयाणा. मूर्च्छा तिथे जाऊन बसलेली असते, फक्त पिशवी घरी आलेली नसते.

भाव म्हणजे रूप बदलून संख्या तीच ठेवणं. भांड्यांची मर्यादा दहा असेल आणि अकरावं आलं तर दोन वाडगी वितळवून एक मोठं पातेलं करायचं. आकडा हलत नाही, माल वाढतो. घरात एकच टीव्ही, पण दरवेळी आधीच्यापेक्षा मोठा. हल्ली ‘एक आणलं तर एक काढायचं’ हा नियम बरेच जण पाळतात. वाईट नियम नाही, पण संख्या स्थिर ठेवून आवक-जावक जोरात चालू ठेवायला तो पूर्ण मोकळीक देतो. तुमचं वर्षातून दोनदा रिकामं होणारं कपाट याच जातीचं आहे.

गर्भ ही मला सगळ्यात सूक्ष्म वाटते. गायींची संख्या ठरली आहे, पण गाय गाभण आहे. वासरू अजून बाहेर नाही, म्हणून ते धरायचं नाही, किंवा मुदत संपल्यावर व्याईल असं बघायचं. पोटात दुसरी खरेदी घेऊन येणाऱ्या वस्तू आठवून बघा. फोन आला की कव्हर, काच, इअरफोन. कॅमेरा आला की लेन्स, पिशवी, तिपाई. दर महिन्याला आपोआप पैसे कापणाऱ्या योजना तर कायमच्याच गाभण. घेताना एक मोजली, घरात पाच आल्या.

योजन म्हणजे जोडणं. दोन शेतांमधला बांध काढला की शेत एकच. दोन घरांमधली भिंत पाडली की घर एकच. तीन कुर्त्यांचा संच ‘एक’ म्हणून मोजला जातो तेव्हा बांधच काढलेला असतो. आणि दान म्हणजे हद्दीबाहेरचं सोनं तात्पुरतं दुसऱ्याच्या हाती देऊन ठेवणं, मुदत संपली की परत घ्यायचं. मुलीच्या नावाने आणलेली पण स्वतःच्या मापाची चप्पल कुणी पाहिली नाही?

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. वर्गातल्या एका ताईंनी काही वर्षांपूर्वी चातुर्मासासाठी, आषाढी पौर्णिमा ते कार्तिकी पौर्णिमा, कपड्यांचं परिमाण घेतलं. परंपरेत कालमर्यादा घालून घेतलेल्या अशा बंधनाला नियम म्हणतात आणि जन्मभराच्या बंधनाला यम. रत्नकरंडात नियमाच्या मुदती दिल्या आहेत: एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, दोन महिन्यांचा ऋतू, सहा महिन्यांचं अयन. पहिल्यांदा करणाऱ्याने यम घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ताईंनाही मी एक ऋतू सुचवला होता, त्यांनी चार महिने घेतले.

मोजण्याआधी मी त्यांना अंदाज लिहायला सांगितला. त्यांनी लिहिलं: साड्या आणि ड्रेस मिळून चाळीस. कपाट उघडून मोजले तर ७४ निघाले. मग बहिणीकडे राहिलेले ९ आठवले, इस्त्रीला गेलेले ३. एकूण ८६. अंदाज आणि मोजणी यांत दुपटीहून जास्त फरक पडणं नेहमीचं आहे, आणि मूर्च्छा या शब्दाचा अर्थ वर्गात खरा कळतो तो या क्षणी. ज्याच्यावर आपण ‘माझं’ म्हणून मिठी मारली आहे, त्यातलं निम्मं आपल्याला आठवतही नाही.

हद्द ८६ ठरली. कमी करायचा आग्रह नाही. चार महिने नवा कपडा नाही, आणि जे घ्यावंसं वाटेल ते तारीख घालून वहीत लिहायचं, बस. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकानात एका साडीसाठी पाचशे रुपये बयाणा देऊन ठेवला आणि मला सांगताना म्हणाल्या, ‘घेतली कुठे? ठेवायला सांगितलीय.’ मी म्हटलं, ‘ताई, याला बंधन म्हणतात.’ गणपतीत भाचीसाठी ड्रेस घेतला, तो भाचीला सैल झाला म्हणून यांच्याकडेच राहिला. ते दान. ही नावं माहीत असली की बोलणं सोपं होतं. मी त्यांना लोभी म्हटलं नाही, त्यांना सफाई द्यावी लागली नाही. दोघींनी मिळून नऊशे वर्षांपूर्वीची एक जुनी वाट ओळखली.

पण एक गोष्ट माझ्याही लक्षात उशिरा आली. कपड्यांना बांध घातल्यावर खरेदी स्वयंपाकघराकडे वळली. आश्विनात त्यांच्याकडे गेले तेव्हा ओट्यावर काचेच्या नव्या बरण्यांची रांग होती. बांध एका बाजूला घातला की पाणी दुसरीकडून जातं, आणि जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार, म्हणजे उल्लंघनं, सांगताना एकच वस्तू घेतलेली नाही. शेत आणि घर, रुपं आणि सोनं, गुरं आणि धान्य, दासी आणि दास, आणि शेवटी कुप्य अशी पूर्ण यादी आहे. दासी-दास त्या यादीत मालमत्ता म्हणून आले आहेत, आणि ते वाचताना आजही टोचतं. त्या काळाच्या विचाराची ती मर्यादा होती. कुप्य म्हणजे भाष्यकारांच्या भाषेत सुती-रेशमी कापड, चंदन वगैरे किरकोळ सामान. आपली रात्रीची जवळजवळ सगळी खरेदी कुप्यातली आहे. परिमाण एका कप्प्याचं घेतलंत तरी बाकी कुप्याची नोंद वहीत राहू द्या. ताईंना ते मी आधी सांगायला हवं होतं.

कार्तिकी पौर्णिमेला वहीत चौदा वस्तू होत्या. वही न उघडता आठवा म्हटल्यावर त्यांना तीन आठवल्या. त्यातली ती बयाण्याची साडी त्यांनी घेतली, आजही नेसतात. उरलेल्या अकरा वाचून दाखवल्या तेव्हा दोन कशा दिसत होत्या हेही सांगता येईना.

एवढं करूनही रात्रीचा मोबाइल उरतोच. त्याबद्दल महाभारतातला सभापर्वातला प्रसंग मला पुनःपुन्हा आठवतो. धृतराष्ट्र दुर्योधनाला विचारतो, उत्तम वस्त्रं पांघरतोस, मांस-भात जेवतोस, जातिवंत घोडे तुला वाहतात, मग तू फिका आणि कृश का झालास? दुर्योधनाला काही कमी नव्हतं. तो युधिष्ठिराचं वैभव पाहून आला होता. आणि त्याचं उत्तर फार स्वच्छ आहे: असंतोष हेच वैभवाचं मूळ, म्हणून मला तो हवाच. या वाक्याशी भांडताना मी सावध असते, कारण अर्थ हा पुरुषार्थ आहे आणि कमावण्यातली धडपड आपल्या परंपरेने निंदलेली नाही. तुकोबाही ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे’ असंच म्हणतात. पण दुर्योधनाचा असंतोष स्वतःच्या गरजेतून उगवला नव्हता, तो दुसऱ्याच्या सभेत फिरून आल्यावर लागला. तुमच्या हातातला पडदा रोज रात्री तुम्हाला अशा शंभर सभांतून फिरवून आणतो. त्यामुळे परिमाण वस्तूंचं घ्याल तसं बघण्याचंही घ्या. आनंद श्रावकाने पंच्याचा प्रकार ठरवला, तुम्ही वेळ ठरवा: महिन्यातून एक दिवस, दिवसा, आधीच लिहिलेली यादी घेऊन.

हे सगळं मी तुम्हाला सांगते आहे कारण तुमच्याकडे पुरेसं आहे आणि ते तुम्हीच म्हणता आहात. ज्याच्या घरी दोन साड्यांवर वर्ष निघतं त्याला संतोषाचं व्याख्यान देणं हा मी अन्याय समजते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही ओळ मजुरी थकवणाऱ्यांच्या तोंडून मी ऐकली आहे, आणि तेव्हा राग आवरलेला नाही. परिमाण व्रत माणूस स्वतःसाठी घेतो, दुसऱ्याला घालून देत नाही. नवऱ्याच्या किंवा मुलांच्या वस्तूंवर तुमची मोजणी लावू नका. आणि खरेदी लपवावी लागत असेल, उधारी होत असेल, थांबवायचं ठरवूनही हात थांबत नसेल, तर वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण हे सांगून ठेवते.

व्रत मोडेल. माझंही मोडलं आहे, पुस्तकांच्या बाबतीत दोनदा. मोडण्याच्या चार पायऱ्या ग्रंथांत सांगितल्या आहेत. मन ढळलं की अतिक्रम, पाऊल रेघ ओलांडायला निघालं की व्यतिक्रम, वस्तूला हात लागला की अतिचार, आणि तिच्यात बेभानपणे रमलं की अनाचार. तुमच्या भाषेत म्हणायचं तर बघणं, कार्टमध्ये टाकणं, मागवणं, आणि मग ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून आणखी चार मागवणं. व्रत खरं संपतं ते चौथ्या पायरीवर. पहिल्या तिन्हींवरून परत फिरता येतं, आणि परत फिरायची रीत म्हणजे प्रतिक्रमण: कुठली पायरी ओलांडली ते नाव घेऊन स्वतःशी उच्चारायचं. तेव्हा पार्सल दारात आलं असेल तर टेप कापण्याआधी वही उघडा, तारीख घाला, पायरी लिहा, आणि परत पाठवायची मुदत किती दिवसांची आहे ते त्याच ओळीत लिहून ठेवा.